पोळी, चपाती आणि आमचा एकच अहवाल

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला समाजशास्त्राच्या गट प्रकल्पासाठी आम्हा चौघांना मॅडमनी एकत्र टाकलं, तेव्हा आम्ही एकमेकांना धड ओळखतही नव्हतो. कॉलेज घाटकोपरचं, आणि चौघं चार दिशांनी येणारे. पहिल्याच दिवशी कुणीतरी फोनमध्ये नंबर साठवताना नावापुढे गाव म्हणून स्टेशनचं नाव लिहिलं आणि मग तेच टोपणनाव पडलं. ती मुलुंड, तो गोवंडी, दुसरा दहिसर आणि मी विक्रोळी. 'ए मुलुंड, पेन दे ना' असं आम्ही भर वर्गात ओरडायचो आणि बाकीची मुलं वळून बघायची.

विषय होता उपनगरातली पोळीभाजी केंद्रं. म्हणजे घरच्या स्वयंपाकघरात नाहीतर छोट्याशा गाळ्यात पोळ्या लाटून, भाजी करून विकणाऱ्या बायका. त्यांनी हे काम कसं सुरू केलं, दिवस कसा जातो, गिऱ्हाईक कोण, पुढे काय करायचंय. प्रत्येकाने आपापल्या भागात जाऊन मुलाखती घ्यायच्या असं ठरलं. मुलुंडने मुलुंड आणि घाटकोपर घेतलं, दहिसरने दहिसर-बोरिवली, गोवंडीने गोवंडी, मी विक्रोळी. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम दहिसरने घेतलं. मुलाखती घेताना आम्हाला मजा आली. प्रत्येक घरी काहीतरी खायला मिळायचं आणि आम्ही ते 'क्षेत्रभेट' या नावाखाली खायचो.

मग मॅडमनी विभागात बोलावून सांगितलं, "मला चार जणांच्या चार फायली पिन मारून दिलेल्या नकोत. एकच अहवाल हवा. एका हाताने लिहिल्यासारखा वाचला गेला पाहिजे."

आम्ही माना डोलावल्या.

"आणि कोणी काय केलं तेसुद्धा मला स्वच्छ दिसलं पाहिजे. शेवटी योगदानाचा भाग हवा. 'सर्वांनी समान काम केले' असं लिहून आणलंत तर परत पाठवीन."

बाहेर आल्यावर दहिसर म्हणाला, "म्हणजे चौघांचं एक करायचं आणि परत एकाचे चार करायचे. मॅडम पण ना यार."

जोडण्याचं काम माझ्याकडे आलं. माझा लॅपटॉप होता, हे एक कारण. दुसरं, मला शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की हात शिवशिवतात हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. एका शनिवारी सकाळी लेक्चर संपल्यावर आम्ही विभागातल्या मोठ्या टेबलाभोवती बसलो. मी चौघांच्या फायली एका जागी ठेवल्या. त्यांची प्रत काढून 'मूळ' असं नाव दिलं, की काही बिघडलं तर परत तिथे येता यावं. मग एक कोरी फाईल उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मुलुंडचं पहिलं वाक्य होतं : 'सदर अभ्यासांती असे निदर्शनास येते की प्रस्तुत महिला उद्योजिका अल्प भांडवलावर व्यवसाय करीत आहेत.'

गोवंडीचं : 'ही बाई पहाटे उठते! कोणासाठी? या शहराच्या पोटासाठी! पण तिच्या घामाची नोंद कोणी घेणार आहे का?'

दहिसरचं : 'पोलीस भाजी केंद्र झकास आहे. मावशी स्वभावाने चांगल्या आहेत.'

"पोलीस भाजी?" मी विचारलं.

दहिसर ओशाळून हसला. त्याने सगळा अहवाल कॉलेजला येता येता मेट्रोत बसून फोनला बोलून लिहून घेतला होता. फोनला 'पोळी' काही केल्या ऐकू गेली नव्हती. त्याच्या अख्ख्या भागात पोलीस पसरले होते. 'पोलीस गरम असतानाच डब्यात भरतात.' 'मावशी दिवसाला खूप पोलीस लाटतात.' 'काही ग्राहकांना पोलीस तूप लावून हवे असतात.' मला पुढचं वाचता येईना. मुलुंड टेबलावर डोकं ठेवून हसत होती. गोवंडी, जो एरवी गंभीर चेहऱ्याने बसायचा, तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याचे खांदे हलताना दिसत होते.

हसून झाल्यावर कामाला लागलो. एकेक गोष्ट ठरवून फळ्यावर लिहीत गेलो. 'मी' नाही, 'संशोधक' नाही, सगळीकडे 'आम्ही'. घडलेलं सगळं भूतकाळात. आकडे देवनागरी. उद्गारचिन्हं बंद. यावर गोवंडी बराच वेळ भांडला.

"घामाला उद्गारचिन्ह नाही तर कशाला रे?" मुलुंडने त्याला चिडवलं.

"तुझं 'निदर्शनास येते' पण जाणार," तो म्हणाला. "माझ्या आईला वाचून दाखवलं तर तिला वाटेल कोर्टाची नोटीस आली."

मग दोन्ही गेली आणि दोघं शांत झाली.

खरी वाट लागली ती पोळीवर. मुलुंडने सगळीकडे 'पोळी' लिहिलं होतं. गोवंडीने आणि मी 'चपाती'. दहिसरचे पोलीस. एका अहवालात एका वस्तूला एकच शब्द हवा, एवढं आम्हाला कळत होतं.

"पोळीच," मुलुंड म्हणाली. "विषयातच पोळीभाजी आहे."

"आमच्यात पोळी म्हणजे पुरणाची," गोवंडी म्हणाला. "रोजची ती चपाती. घरात कोणी म्हटलं ना की आज पोळी आहे, तर आम्ही विचारू, सण कोणता?"

"आमच्याकडे पण चपातीच," मी म्हटलं. माझे आजोबा कोकणातून गिरणीत आलेले. आमच्या विक्रोळीच्या खोलीत पोळी हा शब्द फक्त होळीला यायचा. "मी पण चपाती," दहिसर म्हणाला, "ती तरी फोनला ऐकू जाईल."

मुलुंडचा चेहरा जरा पडला. "माझ्या घरी चपाती म्हटलं की आजी दुरुस्त करते," ती म्हणाली. मग तीच हसली. "तीन विरुद्ध एक. करा चपाती."

मी शोधा-आणि-बदला उघडलं. 'पोळी' शोध, 'चपाती' घाल, सगळीकडे. दहिसरच्या पोलिसांनाही त्याच झटक्यात चपाती केलं. बटण दाबलं. बदल झाल्याची खूण आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी वाचायला सुरुवात केली.

'सणासुदीला या बायकांकडे पुरणचपातीची मोठी मागणी असते.'

"थांब थांब," मुलुंड म्हणाली. "गूळपोळीचं काय झालं बघ."

गूळपोळीची गूळचपाती झाली होती. कोकणातून माल आणणाऱ्या एका बाईंकडे आंबाचपाती आणि फणसचपाती मिळत होती. उलट जिथे 'पोळ्या' असं अनेकवचन होतं तिथे यंत्राला काही कळलंच नव्हतं, त्यामुळे 'बाई चपाती लाटतात आणि त्या पोळ्या डब्यात भरतात' अशी वाक्यं तयार झाली होती. दहिसरच्या भागात एका बाईंच्या घरात 'चपाती कॉन्स्टेबल' राहत होता. तो त्यांचा नवरा, आणि तो खरंच पोलिसात होता.

त्या वेळी विभागाचं दार उघडून शिपाईकाका आत डोकावले, कारण आमचं ओरडणं जिन्यापर्यंत पोचलं होतं. आम्ही अभ्यास करतोय असं त्यांना पटवता पटवता आमची पुरेवाट झाली.

हसणं ओसरल्यावर गोवंडीच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती महत्त्वाची होती. "मुलाखतीत बाई जे बोलल्या ते पण बदललं ना तू? अवतरणचिन्हातलं?"

बदललं होतं. मुलुंडच्या एका बाई म्हणाल्या होत्या, 'माझ्या हातची पोळी खाऊन मुलं नोकरीला लागली.' आता त्या चपाती म्हणत होत्या. बाईंच्या तोंडात आम्ही आमचा शब्द घातला होता.

मी 'मूळ'मधून सगळं परत आणलं. मग नियम केला : आमच्या लिखाणात रोजच्या जेवणातली ती चपाती. धंद्याचं नाव पोळीभाजी केंद्र, कारण पाट्यांवर तसंच लिहिलेलं असतं. बाईंच्या तोंडचं एक अक्षर बदलायचं नाही. आणि पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद घालायचा, की या एकाच पदार्थाला घराघरांत वेगळं नाव आहे आणि आम्ही कोणतं का वापरलं. तो परिच्छेद मुलुंडने लिहिला. तिने आजीचं दुरुस्त करणंही त्यात घातलं होतं, ते मात्र काढावं लागलं. पोलीस हटवायचे तर एकेक ठिकाण बघून हटवायचे असं ठरलं, आणि कॉन्स्टेबल आपल्या जागी राहिला.

दुपारी वडापाव खाऊन पुढचं काम धरलं. चौघांनी आपापल्या भागाचं वेगळं प्रकरण लिहिलं होतं. तसंच जोडलं असतं तर त्या चार फायलीच राहिल्या असत्या, नुसती पिन दिसली नसती. म्हणून सगळा मजकूर सुट्टा करून विषयाप्रमाणे लावायचा होता. सुरुवात कशी झाली याचं एक प्रकरण, दिवसाच्या कामाचं एक, गिऱ्हाइकाचं एक, पुढे काय याचं एक. पण असं केलं की कोणाचं काय ते कसं कळणार? मला सुचलं, की जोडेपर्यंत प्रत्येकाच्या मजकुराला एक रंग द्यावा. मुलुंड हिरवा, गोवंडी निळा, दहिसर नारिंगी, मी जांभळा. शेवटी योगदान लिहून झालं की रंग काढून टाकायचे.

पडद्यावर फाईल एकदम गोधडीसारखी दिसायला लागली. हिरव्यात निळं, निळ्यात नारिंगी. आम्ही खुर्च्या ओढून जवळ बसलो. मी 'पुढे काय' या प्रकरणात मजकूर टाकत होते आणि एक हिरवा परिच्छेद नारिंगी परिच्छेदाच्या शेजारी आला.

हिरव्यात होतं : 'प्रतिसादक ७ या व्यवसाय बंद करण्याच्या विचारात आहेत. चपात्या तयार झाल्या की त्या दाराला टांगलेली शाळेची पितळी घंटा वाजवतात.'

नारिंगीत होतं : 'बाई घ या शेजारचा गाळा घेऊन धंदा वाढवणार आहेत. त्यांची एक भारी सवय म्हणजे जेवण झालं की शाळेसारखी घंटा देतात.'

मी दोन्ही पुन्हा वाचली. "मुंबईत घंटा वाजवून चपात्या विकणाऱ्या दोन बायका आहेत?"

मुलाखत देणाऱ्या बायकांची नावं अहवालात द्यायची नाहीत हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने खुणा दिल्या होत्या. मुलुंडचे आकडे, दहिसरची अक्षरं. एकच बाई दोन खुणांनी आल्या तर फायली वेगळ्या असेपर्यंत कोणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

"तुझी घंटावाली कुठली रे?" मुलुंडने विचारलं.

दहिसर खुर्चीत जरा खाली सरकला. "बोरिवलीत दोघींनी नाही म्हटलं ना. मग मी इथेच, कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक उरकली."

"घाटकोपर माझं होतं!"

"मला काय माहीत तू तिथे पण गेली होतीस!"

आता हसायचं की रडायचं ते कळेना, आणि आम्ही बहुतेक दोन्ही केलं. एक बाई कमी झाली म्हणजे तक्त्यातली एकूण संख्या बदलली, आणि संख्या बदलली म्हणजे सगळे टक्के बदलले. तक्ते माझे होते. त्यातून भयंकर म्हणजे निष्कर्षात मी त्याच बाईंना एकदा धंदा बंद करणाऱ्यांत मोजलं होतं आणि एकदा वाढवणाऱ्यांत.

"एक मुलाखत काढून टाकू," दहिसर म्हणाला.

"कोणाची?" मुलुंडने विचारलं. "माझी लांब आहे."

"माझी नंतरची आहे. ताजी."

"अरे पण खरी कुठली?" गोवंडी म्हणाला. "ती बाई चालू ठेवणार की बंद करणार? आपण आपल्या मनाने ठरवायचं?"

रविवारी सकाळी आम्ही चौघं त्या बाईंच्या दारात उभे होतो. गाळा छोटा, पुढे फळी, आत दोन शेगड्या. बाई मालवणच्या बाजूच्या, भरल्या अंगाच्या, कपाळावर घाम आणि हातात लाटणं. त्यांनी मुलुंडला बघितलं, मग दहिसरला बघितलं, आणि दोघांना एकत्र बघून त्यांचे डोळे मोठे झाले.

"तुमी दोघा एकाच कॉलेजातली?"

मुलुंडने सगळं सांगितलं. आम्ही दोन वेळा त्यांना वेगवेगळं समजून लिहिलंय, आणि दोन्हीत त्यांनी उलट सांगितलंय. बाई ऐकत होत्या आणि लाटत होत्या. मग त्यांचं लाटणं थांबलं.

"गो बाय, तू इलंस तेव्हा माझो सिलिंडर संपललो. गिऱ्हाइकां दारात उभी. माका वाटला, गेलो उडत ह्यो धंदो." त्या दहिसरकडे वळल्या. "आणि ह्यो इलो त्या दिवशी माका लग्नाची ऑर्डर गावली हुती. तेव्हा मी ह्याका सांगितलंय, बाजूचो गाळो पण घेतलंय म्हणून समज."

"मग खरं काय मावशी?" मी विचारलं.

"दोनय खरां," त्या म्हणाल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडचा इस्त्रीवाला बाहेर आला. "आज विचारशात तर तिसराच सांगीन. आज माका झोप येता."

आम्ही फळीला टेकून हसत राहिलो. बाईंनी चौघांच्या हातात एकेक गरम चपाती ठेवली, आत साखर आणि तूप. मुलुंडने पहिला घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "दोन मुलाखती, एक बाई, दोन भेटी. तसंच लिहायचं."

आणि तसंच लिहिलं. 'पुढे काय' या प्रकरणात ती एकच खूण ठेवली आणि दोन्ही भेटी एकाखाली एक दिल्या, की पहिल्या भेटीत त्या असं म्हणाल्या, काही आठवड्यांनी तसं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर दोन्ही खरं असं म्हणाल्या. त्याखाली गोवंडीने तीन वाक्यं लिहिली, की 'पुढे काय' या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच्या गॅसवर आणि ऑर्डरवर ठरतं, म्हणून आमच्या तक्त्यातले बंद आणि वाढ हे रकाने पक्के धरू नयेत. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. मला ती वाक्यं अख्ख्या अहवालात सगळ्यात आवडली. मी तक्ते पुन्हा मोजले, एकूण संख्या एकाने कमी केली, आणि ही बाई कोणत्याच रकान्यात न टाकता 'भेटीनुसार वेगळे उत्तर' असा स्वतंत्र रकाना केला. अभ्यासाच्या मर्यादांमध्ये सरळ लिहिलं, की खुणा देण्याची एकच पद्धत आधी न ठरवल्यामुळे एक नोंद दोनदा झाली होती आणि ती अहवाल जोडताना सापडली.

राहिलं योगदान. रंग अजून होते, त्यामुळे कोणाचं काय ते समोर दिसत होतं. पण नुसतं 'प्रकरण दोन, अमुक' असं लिहिता येईना, कारण प्रत्येक प्रकरणात चारही रंग होते. म्हणून कामाप्रमाणे तक्ता केला. आराखडा आणि प्रश्नावली कोणाची, कोणत्या भागातल्या मुलाखती कोणाच्या, प्रत्येक भागाचा पहिला खर्डा कोणाचा, तक्ते कोणाचे, छायाचित्रं कोणाची. मग प्रत्येकाने स्वतःचा एक छोटा परिच्छेद लिहायचा आणि तो बाकी तिघांनी वाचून मान्य करायचा.

गंमत अशी झाली की प्रत्येकाने स्वतःचं कमी लिहिलं. दहिसरने लिहिलं, 'काही मुलाखती घेतल्या.' मुलुंडने त्याच्यासमोरून लॅपटॉप ओढला. "काही? गिऱ्हाइकांच्या सगळ्या मुलाखती तुझ्या आहेत रे! आमच्यापैकी कोणाला अनोळखी माणसाशी बोलता येतं?" तिने ते घातलं. मग त्याने तिच्या परिच्छेदात प्रश्नावलीचं घातलं. गोवंडीने माझ्यासाठी लिहिलं, 'चारही खर्डे विषयवार लावून एकसंध केले, परिभाषा निश्चित केली, नोंदींची पडताळणी करून दुहेरी नोंद शोधली.' मी म्हटलं, दुहेरी नोंद मला आपोआप दिसली, मी शोधली नाही. तो म्हणाला, "तू शेजारी ठेवलंस म्हणून दिसली ना. गप बस."

त्या घंटावाल्या बाईंच्या मुलाखतीसमोर काय लिहायचं यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ हसलो. शेवटी असं लिहिलं : 'ही मुलाखत दोन सदस्यांनी स्वतंत्रपणे आणि एकमेकांच्या नकळत घेतली, पुनर्भेट चौघांनी एकत्र दिली.'

मग सगळा मजकूर निवडून मी रंग काळा केला. एका क्षणात गोधडी गेली आणि साधी पानं राहिली. शीर्षकांना आधीच एकसारखी शैली दिली होती, त्यामुळे अनुक्रमणिका एका टिचकीत तयार झाली, आणि चार प्रकरणांतले माझे चार 'तक्ता १' ओळीने क्रमांक घेऊन उभे राहिले. आम्ही सुरुवातीपासून वाचलं. एकेक पान एकेकाने, मोठ्याने. मुलुंड वाचत होती ते वाक्य माझं होतं की गोवंडीचं, हे मला दोनदा विचारावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्यालाही सांगता आलं नाही. असला आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता. दहिसर तर बाकावर उभा राहून शेवटचा परिच्छेद राजकारण्यासारखा हात हलवत वाचत होता.

झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बांधणी करून अहवाल दिला. तोंडी परीक्षेला मॅडम आमच्यासमोर बसल्या आणि पानं उलटत गेल्या. मग योगदानाच्या पानावर त्या थांबल्या. त्यांचं बोट एका ओळीवर होतं आणि ओठ हलत होते.

"एकमेकांच्या नकळत," त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. त्या हसत होत्या. वर्गात कधी न हसणाऱ्या आमच्या मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या. "हे लिहिलंत ते बरं केलंत. दरवर्षी असं होतं. लोक एक गुपचूप काढून टाकतात."

मग त्यांनी दहिसरला तक्त्यांबद्दल विचारलं. तक्ते माझे होते. पण त्याने सगळं नीट सांगितलं, वेगळा रकाना का केला तेसुद्धा. मला विचारलं गिऱ्हाइकांबद्दल आणि मीही सांगू शकले. मॅडमनी अहवाल बंद केला आणि विचारलं की विभागात ठेवायला एक प्रत मिळेल का, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवता येईल.

आम्ही 'हो मॅडम' म्हणून अगदी शहाण्यासारखे बाहेर आलो, दार हळूच लावलं, आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर चौघांनी एकदम किंचाळून उड्या मारल्या. मुलुंडची चप्पल तुटली. गोवंडीने ती हातात उचलून घेतली, आणि मुलुंड एका पायाने लंगडत, आमच्या खांद्याला धरून, हसत हसत गेटपर्यंत आली.